फीवाढीची सूचना, दुसऱ्यांदा

मावशीचा क्लास सिंहगड रोडला आहे, धायरीच्या अलीकडे. आठवी ते दहावी, स्टेट बोर्ड, गणित आणि विज्ञान. मी एमपीएससीचा अभ्यास करतो आणि तिच्याकडेच राहतो. त्या बदल्यात संध्याकाळी सहा ते नऊ क्लासच्या बाहेरच्या टेबलावर बसून फीचं रजिस्टर, पावत्या, चौकशीचे फोन आणि पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळतो. त्यामुळे पाडव्याच्या आधी मावशीने सांगितलं, की फी वाढवायची आहे, सूचना लिही, तेव्हा ती मीच लिहिली. पुढे जे काही झालं त्याचं खापर फोडायला दुसरं कोणी नाही.

सूचना अशी होती:

‘सर्व सन्माननीय पालकांस कळविण्यात येते की, वाढती महागाई व अन्य अपरिहार्य कारणांचा विचार करता आगामी शैक्षणिक वर्षापासून शुल्कामध्ये अल्पशी (सुमारे १५ टक्के) वाढ करण्याचे योजिले आहे. तरी सर्व पालकांनी नेहमीप्रमाणे सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

मला ती फार आवडली होती. शासन निर्णय वाचून वाचून माझी भाषा अशी झाली आहे, की किराणा दुकानात मी ‘सदर पिशवी’ म्हणू शकतो. लेटरहेडवर छापली, मावशीची सही घेतली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ग्रुपवर ४२ पालक होते. २० आठवीचे, म्हणजे जूनमध्ये नववीत जाणारे, आणि २२ नववीचे, म्हणजे दहावीत जाणारे. बोर्डाची परीक्षा देऊन मोकळे झालेले निघून गेले होते आणि नवी आठवी अजून भरायची होती.

दोन दिवसांत १३ फोन आले. फीवाढीवर चिडून फोन येतील हे धरलंच होतं. पण चिडलेले जेमतेम दोन होते, त्यातल्या एका काकांचा राग तर वाढीवर नव्हताच. ते म्हणाले, “अल्पशी आहे की नाही, ते आम्ही ठरवू की.” बाकीच्या अकरा जणांना फक्त विचारायचं होतं, की नक्की किती आणि कधीपासून. ते अकरा फोन मी रजिस्टरच्या मागच्या पानावर टिपून ठेवले. आधी कंटाळून, मग कुतूहलाने. कारण त्यातला एक प्रश्न ऐकून मलाच उत्तर येईना.

नववीच्या एका मुलीची आई विचारत होती, “म्हणजे दहावीला १,७२५ ना?” त्या तेव्हा महिन्याला १,५०० भरत होत्या. त्यावर १५ टक्के म्हणजे १,७२५, हिशोब अगदी बरोबर. पण दहावीची फी मुळातच २,००० होती, आणि ती आता २,३०० होणार होती. मी त्यांना २,३०० सांगितलं तेव्हा फोनवर काही क्षण शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, “पंधरा टक्के म्हणालात ना? हे तर पन्नासच्या वर गेलं.”

त्यांच्या बाजूने तेही बरोबर होतं. १,५०० वरून २,३००, म्हणजे ८०० रुपये जास्त. त्यातले ५०० मुलगी दहावीत जाते म्हणून, ते सूचना काढली नसती तरी वाढलेच असते. खरी फीवाढ ३०० ची. पण माझ्या सूचनेत यातलं एक अक्षर नव्हतं. मी क्लासच्या बाजूने विचार केला होता: आठवी १,३०० ची १,५००, नववी १,५०० ची १,७००, दहावी २,००० ची २,३००. क्लासच्या दृष्टीने इयत्ता जागच्या जागी असते आणि मुलं बदलतात. पालकाच्या दृष्टीने मूल एकच असतं आणि इयत्ता बदलते. तो आपण मागच्या महिन्यात किती भरले त्याच्याशी तुलना करणार. शिवाय ‘सुमारे’ हा शब्द घातल्यामुळे आठवीच्या एका वडिलांनी १,३०० वर काटेकोर १५ टक्के काढून ‘१,४९५ की १,५००?’ असं विचारलं होतं. खरं उत्तर होतं १,७००, कारण त्यांचा मुलगा नववीत जाणार होता.

दुसरा घोळ ‘आगामी शैक्षणिक वर्षा’चा. मला वाटलं होतं यात न कळण्यासारखं काय आहे, शाळा जूनमध्ये सुरू होते. पण आमची दहावीची सुट्टीतली बॅच मे महिन्यातच सुरू होते, म्हणजे दहावीवाल्यांचं वर्ष मेपासून. एकांची धाकटी सीबीएसईला आहे, त्यांच्या घरी नवं वर्ष एप्रिललाच लागतं. त्यांनी विचारलं, “पुढच्या आठवड्यापासूनच का हो?” एका वाक्प्रयोगात तीन महिने मावले होते.

मी मावशीला म्हटलं, “ग्रुपवर खुलासा टाकू का?”

“खुलासा कसला टाकतोस?” ती म्हणाली. “ती सूचना काढ आणि दुसरी लिही. खुलासा वाचायला आधीची समजलेली असावी लागते.”

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं टेबलाशी बसलो. मी सुरुवात तक्त्याने केली. इयत्ता, जुनी फी, नवी फी. तीन ओळी, सुटसुटीत. मावशीने तो बघितला आणि म्हणाली, “हा तर तुझाच हिशोब झाला परत. नववीची आई यात कुठली ओळ वाचणार?” नववीचीच वाचणार. तिथे १,७०० लिहिलेलं, आणि ती जूनमध्ये १,७०० पाठवणार. म्हणजे तक्ता स्वच्छ असून चूक तशीच राहिली असती. शेवटी ठरलं, की सगळ्यांना एक सूचना नकोच. आत्ताच्या आठवीला वेगळी, आत्ताच्या नववीला वेगळी, आणि नव्या आठवीच्या चौकशीला येतील त्यांना फक्त ‘महिना १,५००’ एवढंच सांगायचं. त्यांना जुनी फी माहीत असायचं कारणच नाही. प्रत्येक सूचनेत पहिली रक्कम अशी हवी, जी त्या पालकाने गेल्याच महिन्यात भरली आहे.

मग कारणाशी आलो, आणि तिथे खरा वेळ गेला.

‘वाढती महागाई’ मी सवयीने लिहिलं होतं. मावशी म्हणाली, “महागाई त्यांच्याकडेही आहे. ते कुणाकडे फी मागणार?” मग मी विचारलं, की खरंच काय वाढलंय, आकडे दे. जागेचं भाडं १८,००० चं २०,००० झालं होतं. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराला नूतनीकरणाच्या वेळी वाढ ठरलेली असते, तशी ही. म्हणजे २,०००. दुसरं, जूनपासून विज्ञानाला एक सर येणार होते. दहावीला आठवड्याला ३ तास, नववी आणि आठवीला दोन-दोन, एकूण ७. तासाला ३०० रुपये धरले तर महिन्याला साधारण ९,०००. दोन्ही मिळून ११,००० रुपये नवा खर्च.

आता फीवाढीतून किती येतात ते मी मांडलं. नव्या आठवीत १६ धरले, २०० प्रमाणे ३,२००. नववीत २०, त्यांचे ४,०००. दहावीत २२, ३०० प्रमाणे ६,६००. बेरीज १३,८००. म्हणजे खर्चापेक्षा २,८०० जास्त.

मी मान वर करून बघितलं. मावशी म्हणाली, “बघतोस काय? ते माझे. तीन वर्षं एक रुपया वाढवला नाहीये मी.”

त्यात चूक काहीच नव्हती. प्रश्न एवढाच, की ते लिहायचं कसं. ती म्हणत होती, भाडं लिही आणि सोडून दे, भाडं सगळ्यांना पटतं. पण ५८ मुलांमध्ये २,००० रुपये वाटले तर डोक्यामागे ३५ सुद्धा होत नाहीत. आमच्या पालकांत बँकेतले दोघं आहेत, एक रिक्षावाले काका आहेत जे हिशोबात त्या दोघांनाही ऐकणार नाहीत. वाढ ३०० ची आणि कारण ३५ चं, हे कोणाच्या तरी लक्षात आलंच असतं. मग बाकीच्या सूचनेवरचाही विश्वास उडतो. तेव्हा मोठं कारण आधी, म्हणजे विज्ञानाचे सर. भाडं दुसऱ्या क्रमांकावर, एका वाक्यात. आणि मावशीच्या २,८०० साठी फक्त ‘याआधीची फीवाढ जून २०२२ मध्ये झाली होती’ एवढं वाक्य. खर्चाचे आकडे सूचनेत घालायचे नाहीत असं तिने बजावलं. सरांना किती देते हे गावभर कशाला? मला ते पटलं. कारण खरं हवं आणि वाढीच्या मानाने पुरेसं हवं, त्यासाठी सगळा जमाखर्च मांडायची गरज नव्हती.

एकदा सरांचं कारण पुढे आलं आणि महिन्याचा प्रश्न आपोआप सुटला. आधी मावशीच्या मनात दहावीची वाढ मेपासूनच घ्यायची होती, कारण बॅच मेमध्ये सुरू होते आणि मध्येच जूनला वाढवलं की ‘चालू बॅचला वाढ’ असं दिसतं. पण सर जूनपासून येणार. मे महिन्यात शिकवणार मावशीच. मग मेमध्ये सरांच्या नावाने पैसे कसे मागायचे? दहावीला मे महिना जुन्याच फीने २,०००, जूनपासून २,३००. दिसायला दोन पायऱ्या झाल्या, पण दोन्हींचं कारण सांगता येत होतं.

तिघांनी दहावीच्या पूर्ण वर्षाची फी मार्चमध्येच एकरकमी भरली होती, जुन्या दराने. मावशीने एका वाक्यात निकाल लावला: घेतले ते घेतले, त्यांच्याकडून काही मागायचं नाही. त्यांना वेगळा मेसेज गेला. ‘वर जीएसटी लागणार का’ असंही एकाने विचारलं होतं. आमची वर्षाची जमा बारा लाखांच्या आतच, आणि सेवा देणाऱ्याला नोंदणी वीस लाखांच्या पुढे लागते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण क्लास म्हटला की मोठ्या क्लासांच्या पावतीवरचे १८ टक्के लोकांच्या डोक्यात असतात, म्हणून ‘यावर वेगळं काही नाही’ हे शब्द घातले.

मसुदा तयार झाला. मला तो समजत होता आणि मावशीलाही, पण आम्ही लिहिलेला आम्हाला समजणारच. आमच्या खालीच पोळीभाजी केंद्र आहे, ते चालवणाऱ्या काकूंचा मुलगा आठवीत होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्यांना फोनवर मसुदा दाखवला. ‘समजतंय का?’ असं मुद्दाम विचारलं नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. मी विचारलं, “काकू, जूनमध्ये तुम्ही मला किती पैसे द्यायचे, आणि कधी?”

“सतराशे,” त्या लगेच म्हणाल्या. मग थांबल्या. “जूनची फी जूनमध्ये द्यायची का मेमध्येच? शाळेत आधी घेतात.”

हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही त्या-त्या महिन्याची फी त्याच महिन्याच्या १ ते १० तारखेत घेतो. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की लिहायचं सुचलंच नाही. ‘जूनपासून’ म्हणजे जूनच्या फीपासून की जूनमध्ये भरायच्या फीपासून, हे दोन अर्थ निघतात. एप्रिलची थकलेली फी कोणी जूनमध्ये भरली तर ती कुठल्या दराने, हाही त्यातलाच भाग.

मग काकूंनी पुढची ओळ वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “म्हणजे मॅडम आता विज्ञान शिकवणार नाहीत?”

आम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं: ‘जूनपासून विज्ञानासाठी स्वतंत्र सर नेमले आहेत.’ आमच्या मते ही सुधारणा होती. मावशीचा घसा संध्याकाळच्या तिसऱ्या बॅचला बसतो, विज्ञान मागे पडतं, हे आम्हाला ठाऊक. पण काकूंनी मुलगा क्लासला घातला होता तो मॅडमकडे बघून. त्यांच्यासाठी ती ओळ म्हणजे जास्त पैसे आणि कमी मॅडम. कारण म्हणून लिहिलेलं वाक्य स्वतःच एक बातमी होती, आणि ती आम्ही फीच्या मागे बांधून पाठवायला निघालो होतो.

हे मी वर येऊन सांगितलं तेव्हा मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “लिही, की गणित मीच शिकवते. आणि विज्ञानाच्या शंकांना शनिवारी मी बसते.” शनिवारचा तास त्या क्षणी जन्माला आला. सूचना लिहिता लिहिता वेळापत्रक बदललं.

नववीच्या, म्हणजे दहावीत जाणाऱ्यांच्या पालकांना शेवटी जे गेलं ते असं:

‘नमस्कार. जूनपासून दहावीची फी महिना २,३०० रुपये असेल.

तुम्ही आता नववीचे १,५०० भरता. मे महिन्यात दहावीची बॅच सुरू होईल, त्या महिन्याची फी दहावीच्या जुन्या दराने, २,०००. जून महिन्याच्या फीपासून २,३००. म्हणजे फीवाढ ३०० रुपयांची आहे, आधीचे ५०० इयत्ता बदलल्यामुळे आहेत. प्रत्येक महिन्याची फी त्याच महिन्याच्या १ ते १० तारखेपर्यंत भरायची. यावर वेगळं काही नाही. भावंडांची सवलत आहे तशीच राहील.

फी वाढवण्याचं मुख्य कारण: जूनपासून विज्ञान शिकवायला वेगळे सर येत आहेत, दहावीला आठवड्याला ३ तास. गणित मीच शिकवेन, आणि विज्ञानाच्या शंकांसाठी दर शनिवारी मी असेन. जागेचं भाडंही या वर्षी वाढलं आहे. याआधीची फीवाढ जून २०२२ मध्ये झाली होती.

ज्यांनी वर्षाची फी आधीच भरली आहे त्यांना काही भरायचं नाही. फीबद्दल बोलायचं असेल तर रात्री आठनंतर मला फोन करा.’

खाली मावशीचं नाव. आठवीच्या पालकांना असंच, फक्त १,३०० वरून १,७००, त्यातले २०० इयत्तेचे आणि २०० वाढीचे, विज्ञानाचे तास २, आणि ‘मे महिन्यात क्लास बंद, त्या महिन्याची फी नाही’.

शेवटच्या ओळीवर आमचं थोडं वाजलं. मला भीती होती, की ‘बोलायचं असेल तर’ म्हटलं की सगळेच घासाघीस करायला फोन करतील. मावशी म्हणाली, “ज्याला खरंच जड जातंय तो ग्रुपवर बोलत नाही. त्याला दार दिसलं पाहिजे.” ओळ राहिली.

या वेळी लेटरहेड नाही, फोटो नाही. साधा टाइप केलेला मेसेज, आणि ग्रुपवर न टाकता प्रत्येकाला वेगळा. फोटोतली अक्षरं ताणून मोठी करावी लागतात, शोधली तर सापडत नाहीत. शिवाय मेसेज लांब झाला की व्हॉट्सअ‍ॅप खालचा भाग दुमडून ठेवतं आणि बरेच जण दुमडलेलं उघडत नाहीत. म्हणून रक्कम आणि महिना पहिल्याच ओळीत. ४२ मेसेज मी ३१ मार्चला रात्री तयार केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणार, तेवढ्यात मावशी ओरडली, “आज नको! एक एप्रिल आहे. फी वाढली म्हटलं तर खोटं वाटेल, नाहीतर मुद्दाम खोटं समजतील.” २ एप्रिलला गेले.

नंतर सहा फोन आले, पण वेगळ्या जातीचे. सर कोण आहेत, कुठे शिकवायचे, शनिवारी किती वाजता. रिक्षावाले काका येऊन मावशीशी बोलले, काय बोलले ते तिने मला सांगितलं नाही, फक्त रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे जुनीच रक्कम ठेवायला सांगितली. एका मुलाने क्लास सोडला. त्याची आई स्पष्ट म्हणाली, की विज्ञानाला मॅडमच हव्या होत्या. म्हणजे ती सूचना समजूनच गेली.

मे महिन्यात दहावीच्या सगळ्यांचे २,००० बरोबर आले. जूनच्या १० तारखेला मी रजिस्टर लावायला बसलो. नववीतल्या एकाचे यूपीआयने १,४९५ आले होते, २०५ कमी. आकडा ओळखीचा वाटला. फोन लावला तर वडील शांतपणे म्हणाले, “अहो, सूचनेप्रमाणेच भरलेत.” दोन एप्रिलचा मेसेज बायकोच्या नंबरवर गेला होता, त्यांनी तो बघितलाच नव्हता. आणि मी विचारायच्या आत त्यांनी पुरावा म्हणून मला एक फोटो पाठवला. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला, मावशीच्या लेटरहेडवरचा, ‘सुमारे’ या शब्दाखाली पेनाने रेघ मारलेला.